पहिल्यांदा रक्त देताय? फॉर्मपासून ते अंगातलं रक्त परत भरेपर्यंत काय काय होतं, सगळं सांगतो

गणपतीत, शिवजयंतीला आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडं गल्लीगल्लीत कॅम्प असतात आणि दरवेळी पहिल्यांदा येणारी दहा-बारा पोरं दारात घुटमळत उभी असतात, विचारायला लाजतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, कॅम्पला व्हॉलंटिअर म्हणून बरीच वर्षं उभा राहतो आणि ब्लड बँकेतल्या टेक्निशियन लोकांना प्रश्न विचारून विचारून हे समजून घेतलंय. नुसते नियम सांगितले तर डोक्यात राहत नाहीत म्हणून आमच्या भाच्याचंच उदाहरण घेतो. वय 22, वजन 60 किलो, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, पहिलीच वेळ. त्यानं 350 मिली रक्त दिलं, त्या पिशवीचं पुढं काय झालं आणि त्याच्या अंगात काय झालं हे दोन्ही बघू.

घरातनं निघायच्या आधी

उपाशी पोटी जायचं नाही, ही पहिली गोष्ट. चार तासांच्या आत काहीतरी पोटभर खाल्लेलं पाहिजे. श्रावणात, संकष्टीला लोक उपवास धरूनच कॅम्पला येतात आणि मग तिथं परत पाठवलं की नाराज होतात, पण यात कुणाचा हट्ट चालत नाही, उपवास असला तर साबुदाणा खाऊन या नाहीतर दुसऱ्या दिवशी ब्लड बँकेत जाऊन द्या. आदल्या रात्रीची झोप झालेली पाहिजे, नाइट शिफ्ट करून तसंच येऊ नका. आणि रक्त द्यायच्या अर्धा तास आधी अर्धा लिटर पाणी प्या, खरंच प्या, दोन घोट नव्हे. चक्कर यायचं प्रमाण त्यानं कमी होतं.

फॉर्म

आपल्याकडं फॉर्म बहुतेक कन्नड आणि इंग्लिशमध्ये असतो. मराठी शाळेत शिकलेल्या पोरांना तो नीट वाचता येत नाही आणि मागं लाइन लागलेली असते म्हणून ती वरपासून खालपर्यंत सगळ्याला 'नाही'वर टिक मारून मोकळी होतात. असं करू नका. शेजारच्या व्हॉलंटिअरला सांगा, तो वाचून दाखवेल, त्यात लाजायचं काही नाही. यातले काही प्रश्न तुमच्या जिवासाठी असतात आणि काही ज्याला रक्त चढणार त्याच्या जिवासाठी, म्हणून प्रत्येक उत्तर खरं पाहिजे.

वय 18 ते 65, पण साठीनंतर पहिल्यांदाच देणार असाल तर घेत नाहीत. वजन कमीत कमी 45 किलो. हा 45 चा आकडा उगीच नाही. एका वेळी किलोमागं साधारण 8 मिलीच्या वर रक्त काढायचं नाही असा हिशोब असतो, 45 गुणिले 8 म्हणजे 360, म्हणून 350 ची पिशवी चालते. 450 ची पिशवी घ्यायची तर वजन 55 च्या वर लागतं. भाचा 60 किलोचा, त्याला दोन्ही चाललं असतं पण त्या कॅम्पला 350 च्याच पिशव्या होत्या.

मग आजारांचं विचारतात. मलेरिया होऊन बरा झाला की 3 महिने थांबायचं, टायफॉइड झाला असेल तर वर्षभर. कावीळ झाली असेल तर कुठली कावीळ ते डॉक्टरला सांगा, कारण बी आणि सी प्रकारची असेल तर कायमचं बंद, पाण्यातनं होणारी असेल तर वर्षभरानं चालतं. टॅटूचं पण तसंच, अंगावर टॅटूची सुई लागली की 12 महिने. सौंदत्तीच्या जत्रेत गोंदवून घेतलेलं असलं तरी ते टॅटूच धरायचं, कारण तीच सुई आधी कुणाला लागली होती हे कुणी सांगू शकत नाही.

गोळ्यांचं पण सांगायला विसरू नका. अंगदुखीला अ‍ॅस्पिरिन घेतली असेल तर तुमच्या प्लेटलेट नीट चिकटत नाहीत, म्हणजे रक्त थांबवायचं काम करत नाहीत. तुम्हाला परत पाठवतीलच असं नाही, लाल पेशी वापरता येतात, पण 3 दिवसांच्या आत घेतली असेल तर त्या पिशवीतनं प्लेटलेट काढत नाहीत. हे तुम्ही सांगितलं तरच त्यांना कळणार.

आणि एक अगदी मनापासून सांगतो, 'चला रक्त देऊ म्हणजे एचआयव्ही चेक पण होईल' या विचारानं कधीच येऊ नका. लागण झाल्या झाल्या टेस्टमध्ये दिसत नाही, मधे काही दिवस असे असतात की रक्तात व्हायरस असतो पण रिपोर्ट निगेटिव्ह येतो. त्या दिवसांत दिलेली पिशवी कुणाच्या तरी अंगात जाऊ शकते. शंका असेल तर सरकारी दवाखान्यात आयसीटीसी सेंटर असतं, तिथं फुकट तपासतात आणि गुपित ठेवतात.

निळ्या पाण्यात थेंब

मग बोटाला टोचून हिमोग्लोबिन बघतात. काही ठिकाणी मशिनवर, पण कॅम्पला अजून निळ्या पाण्याची पद्धत दिसते. ते निळं पाणी म्हणजे मोरचुदाचं, ठरावीक जडपणाचं बनवलेलं. त्यात तुमच्या रक्ताचा थेंब वरनं सोडतात. हिमोग्लोबिन 12.5 किंवा जास्त असेल तर थेंब त्या पाण्यापेक्षा जड असतो आणि 15 सेकंदांच्या आत खाली जाऊन बसतो. कमी असेल तर मधेच तरंगत राहतो किंवा थोडा खाली जाऊन परत वर येतो. भाच्याचा थेंब सरळ खाली गेला, नंतर मशिनवर 13.5 आलं.

थेंब तरंगला तर निराश होऊ नका आणि 'परत एकदा बघा की' म्हणून मागं पण लागू नका, फार तर मशिनवर बघायला सांगा. कमी आलं म्हणजे तुम्हालाच रक्ताची गरज आहे, डॉक्टरला दाखवायची वेळ आलीय.

बीपी वरचं 100 ते 140, खालचं 60 ते 90 मधे, नाडी 60 ते 100 आणि नियमित, ताप नाही, एवढं बघून झालं की आत.

खाटेवर

पिशवी नीट बघा, ती एक नसते, तीन जोडलेल्या असतात. मोठीत थोडंसं पाण्यासारखं औषध असतं, 350 च्या पिशवीत 49 मिली. त्यात सायट्रेट असतं, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं त्यामुळं रक्त गोठत नाही, आणि साखर असते ती पेशींना जगायला. म्हणूनच पिशवी पूर्ण भरायला लागते, अर्धीच भरली तर त्या औषधाचं प्रमाण रक्ताला जास्त होतं आणि पिशवी नीट वापरता येत नाही.

दंडाला बीपीचा पट्टा बांधतात, थोडाच दाब देऊन, म्हणजे शीर फुगते पण हात निळा पडत नाही. कोपराच्या आतल्या बाजूची शीर बोटानं चाचपतात, स्पिरिट-बीटाडीननं पुसतात आणि वाळू देतात. पुसल्यावर तिथं परत बोट लावायचं नाही, तुम्ही पण नाही. सुई 16 गेजची असते, नेहमीच्या इंजेक्शनपेक्षा जाड, हे आधीच सांगतो कारण बघून पोरं दचकतात. जाड असते ती पेशी फुटू नयेत आणि रक्त पटापट यावं म्हणून. टोचताना एकदा चांगलं झोंबतं, मग दुखत नाही.

पिशवी एका हलणाऱ्या ताटलीवर ठेवलेली असते, ती रक्त आणि औषध मिसळत राहते आणि वजन पण करते, भरली की बंद होते. तुम्ही हातातला चेंडू हळूहळू दाबत राहायचं. 5 ते 10 मिनिटांत पिशवी भरते, भाच्याची सातेक मिनिटांत भरली. धार मंद होऊन 12-15 मिनिटांच्या वर गेली तर पेशी नळीतच गोठायला लागलेल्या असू शकतात, अशी पिशवी प्लेटलेटसाठी घेत नाहीत.

या वेळात काय बिघडू शकतं ते माहीत असू दे. सुईजवळ फुगा यायला लागला तर रक्त शिरेबाहेर चाललंय, लगेच सांगा, सुई काढून दाबून धरतात. बोटांपर्यंत करंट बसल्यासारखी झिणझिण आली तर सुई मज्जातंतूजवळ लागलीय, ते पण सोसत बसू नका. आणि रक्त एकदम लालभडक, ठोक्याठोक्यानं उसळत येत असेल तर सुई धमनीत गेलीय, हे क्वचित होतं पण स्टाफला लगेच दाखवायचं, मग ते सुई काढून बराच वेळ घट्ट दाबून धरतात.

सगळ्यात जास्त होतं ते चक्कर येणं. भाच्याला शेवटच्या मिनिटात झालं. आधी दोन-तीन जांभया आल्या, मग ओठ पांढरे पडले, कपाळावर घाम, आणि म्हणाला, "मामा, कसंतरी होऊलालंय." सिस्टरनी पट्टा सैल केला, सुई काढली आणि पायाखाली उशा घालून पाय वर केले. नाडी बघितली तर हळू लागत होती. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. रक्त कमी पडल्यानं चक्कर आली असती तर नाडी जोरात पळाली असती. इथं ती हळू होती म्हणजे भीतीनं, ताणानं शरीराचा ब्रेक दाबला गेला, हृदय मंदावलं, पायातल्या शिरा सैल झाल्या, रक्त पायात साठलं आणि डोक्याला कमी पडलं. पाय वर केले की ते परत येतं. पाच मिनिटांत तो बोलायला लागला, पण त्याला पुढचा अर्धा तास उठू दिलं नाही.

जांभई हा पहिला इशारा असतो, तेवढ्यातच सांगितलं तर पुढचं बहुतेक टळतं. आधीपासूनच पायाची अढी घालून मांड्या आणि पोट आवळायचं, सोडायचं, असं करत राहिलं तरी खूप फरक पडतो.

उठल्यावर

कापूस ठेवला की हात सरळ ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटांनी दाबायचं. सगळे कोपर दुमडून धरतात, त्यानं आतलं भोक नीट बंद होत नाही आणि नंतर काळंनिळं पडतं. 10-15 मिनिटं बसा, बिस्किट आणि काहीतरी पातळ घ्या, पट्टी चार-पाच तास राहू द्या. त्या हातानं त्या दिवशी घागर, पोतं, सिलिंडर उचलायचा नाही.

घरी जाताना पण चक्कर येऊ शकते, आणि ती जास्त धोक्याची कारण तेव्हा तुम्ही गाडीवर असता. खाटेवर काही झालं नाही म्हणून लगेच बाइक काढून हायवेला लागू नका. भाच्याची त्या दिवशी सेकंड शिफ्ट होती, भट्टीजवळ उभं राहायचं काम, त्याला सुट्टी टाकायला लावली. उष्णतेत शिरा अजून सैल होतात, घामानं पाणी जातं, आणि समोर वितळलेलं लोखंड. ड्रायव्हर, उंचावर चढणारे, उसाच्या मशिनवर काम करणारे यांनी तर पुढच्या कामाच्या निदान चोवीस तास आधी द्यावं, म्हणजे मधे एक दिवस मिळतो.

पिशवीचं पुढं काय

पिशवीसोबत दोन छोट्या नळ्या भरून घेतात, त्यातनं ब्लड ग्रुप आणि पाच तपासण्या होतात: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग म्हणजे सिफिलिस, आणि मलेरिया. रिपोर्ट येईपर्यंत ती पिशवी वेगळ्या कप्प्यात असते, कुणाला देत नाहीत.

पण रक्ताचे भाग वेगळे करायचं काम रिपोर्टची वाट बघत थांबत नाही, कारण घड्याळ चालू झालेलं असतं, साधारण 6 ते 8 तासांत ते उरकायला लागतं. खानापूरच्या आतल्या गावातनं किंवा चिकोडीकडनं पिशव्या बेळगावला पोचायला वेळ लागतो म्हणून कॅम्प दुपारीच आटोपता का असं लोक विचारतात, त्याचं उत्तर हेच. आणि प्लेटलेट काढायच्या असतील तर पिशवी बर्फात दाबायची नाही, 20 ते 24 डिग्रीला ठेवायची. गार पडल्या की प्लेटलेटचा आकार बिघडतो, आणि रुग्णाला चढवल्या तरी त्याचं शरीर त्यांना लगेच काढून टाकतं.

ब्लड बँकेत सेंट्रिफ्यूज म्हणजे पिशव्या गरगर फिरवायचं मशिन असतं, थंड ठेवलेलं. ताक ठेवून दिलं की निवळ वर येते आणि दाट खाली बसतं, इथं तेच फिरवून पटकन करतात. समोरासमोरचे डबे तराजूवर अगदी सारखे करून घेतात, नाहीतर मशिन थडथडतं आणि थर परत मिसळतात. पहिली फेरी हळू. लाल पेशी सगळ्यात जड म्हणून तळाला, वर पिवळं पाणी म्हणजे प्लाझ्मा आणि त्यात तरंगणाऱ्या प्लेटलेट. मग पिशवी दोन पाट्यांच्या मधे धरून हळूच दाबतात, पिवळा भाग नळीतनं दुसऱ्या रिकाम्या पिशवीत जातो. खाली उरलेल्या लाल पेशींत तिसऱ्या पिशवीतलं एसएजीएम नावाचं पाणी सोडतात, मीठ, साखर, अ‍ॅडेनीन असलेलं, ते पेशींचं खाद्य. त्यावर त्या 2 ते 6 डिग्रीला 42 दिवस टिकतात.

दुसरी फेरी जोरात, फक्त पिवळ्या पिशवीची. आता प्लेटलेट तळाला गोळा होतात, वरचा प्लाझ्मा एसएजीएम ओतून रिकाम्या झालेल्या त्या तिसऱ्या पिशवीत ढकलतात. प्लेटलेट थोड्या प्लाझ्मात, पन्नासेक मिलीत, तासभर शांत ठेवतात आणि मग हलत्या फळीवर, 22 डिग्रीच्या आसपास, फक्त 5 दिवस. प्लाझ्मा गोठवून उणे 30 डिग्रीच्या खाली ठेवला तर वर्षभर. म्हणजे भाच्याच्या एका पिशवीतनं लाल पेशी, प्लेटलेट आणि साधारण दीडशे मिली प्लाझ्मा असे तीन भाग झाले. बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईला लाल पेशी, डेंग्यूत रक्तस्राव होणाऱ्याला प्लेटलेट, भाजलेल्याला किंवा लिव्हर बिघडून रक्त गोठत नसलेल्याला प्लाझ्मा, ज्याला जे पाहिजे ते. प्लेटलेट 5 दिवसच टिकतात म्हणून सगळ्या मंडळांनी एकाच रविवारी कॅम्प ठेवला तर त्यातल्या बऱ्याच वाया जातात, तारखा एकमेकांना विचारून ठरवायला पाहिजेत.

आता अंगातलं

भाच्याच्या अंगात किलोमागं 75 मिली धरलं तर साडेचार लिटर रक्त. त्यातनं 350 गेलं, म्हणजे आठ टक्क्यांच्या जरा आत. हे तीन वेगवेगळ्या वेगानं भरून निघतं.

पाणी सगळ्यात आधी. सुई काढायच्या आधीच शिरा थोड्या आवळतात, पेशींच्या आजूबाजूचं पाणी रक्तात ओढलं जायला लागतं, आणि किडनी मीठ-पाणी धरून ठेवायला लागते, म्हणून त्या दिवशी लघवी कमी होते. 24 ते 48 तासांत रक्ताचं माप परत साडेचार लिटर. म्हणून त्या दिवशी पाणी जास्त प्यायचं, आणि नुसतं पाणीच नव्हे, मीठ घातलेलं ताक, सोलकढी, आमटी, कारण मीठ नसेल तर पाणी रक्तात टिकत नाही, लघवीवाटे निघून जातं. ज्यांना बीपीमुळं मीठ कमी सांगितलंय त्यांनी मात्र आपलं पथ्य सोडू नये.

आता गंमत बघा, रक्त दिल्याच्या तासाभरात हिमोग्लोबिन तपासलं तर जवळजवळ तेवढंच येतं, कारण पाणी आणि पेशी दोन्ही एकत्र गेल्यात. दोन दिवसांनी पाणी भरलं पण पेशी भरल्या नाहीत, मग कमी दिसतं. भाच्याचा हिशोब: 13.5 गुणिले 4150 भागिले 4500, म्हणजे 12.4-12.5. जिथं थेंब तरंगतो अगदी त्याच रेषेवर आला तो. जिना चढताना तिसऱ्या दिवशी धाप लागली म्हणाला ती त्यामुळंच, अशक्तपणा अंगात भरला वगैरे काही नाही.

लाल पेशी हळू. किडनीला ऑक्सिजन कमी जाणवला की ती एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन सोडते, हाडातला मगज जोर धरतो, आठवड्याभरात नव्या पेशी रक्तात दिसायला लागतात, पण हिमोग्लोबिन पूर्ण जागेवर यायला 4 ते 8 आठवडे.

आणि सगळ्यात हळू लोह. हे कुणी सांगत नाही म्हणून इथं जास्त लिहितोय. भाच्याच्या 350 मिलीत साधारण 47 ग्रॅम हिमोग्लोबिन होतं, एका ग्रॅममधे 3.4 मिलिग्रॅम लोह, म्हणजे 160 मिलिग्रॅम लोह गेलं. आपलं आतडं जेवणातनं दिवसाला 1 ते 2 मिलिग्रॅमच घेतं, गरज असली की थोडं जास्त, आणि त्यातलं बरंचसं रोजच्या झिजेला जातं. त्यामुळं मगज आधी साठ्यातलं लोह काढून पेशी बनवतो आणि साठा नंतर महिने लावून भरतो. पुरुषांना 90 दिवस आणि बायकांना 120 दिवस थांबायला सांगतात ते यासाठी, बायकांचा साठा मुळातच कमी असतो आणि दर महिन्याला थोडं लोह जातच असतं. पण हे कमीत कमी दिवस आहेत, तेवढ्यात प्रत्येकाचा साठा भरतोच असं नाही.

नाचणी, जोंधळ्याची भाकरी, मेथी, मोड आलेली उसळ, यात लोह असतं पण आतड्यात सहज शिरत नाही, वर लिंबू पिळलं किंवा सोबत पेरू-आवळा खाल्ला की जास्त शिरतं. मटण, कलेजी खाणाऱ्यांना सोपं, त्यातलं लोह लवकर घेतलं जातं. चहा मात्र जेवणाला लागून नको, तासभर तरी पुढं ढकला. आपल्याकडं जेवल्या जेवल्या चहाची सवय आहे आणि नेमकी तीच आड येते.

वर्षाला तीन-चार वेळा देणाऱ्यांनी एक करावं. हिमोग्लोबिन 13 येतंय म्हणून खूश राहू नका, साठा जवळजवळ संपेपर्यंत हिमोग्लोबिन बरं दिसत राहतं. फेरिटिन नावाची टेस्ट साठा दाखवते, वर्षातनं एकदा करून घ्या. सारखं दमायला होणं, केस गळणं, कच्चे तांदूळ किंवा माती खावीशी वाटणं, या लोह संपत आल्याच्या खुणा. तेव्हा पुढचा कॅम्प सोडा आणि डॉक्टरनी दिल्या तर लोहाच्या गोळ्या पूर्ण कोर्स करा, शौच काळी होते त्याला घाबरून मधे बंद करू नका. भाचा आता तीनऐवजी चार महिन्यांनी देतो, आणि मागच्या वेळी मशिनवर 13.6 होतं.